नाशिकची पीपीटी, बंगळुरूचं हेड ऑफिस: मराठी सादरीकरणाचं एक पानी इंग्रजी ब्रीफ कसं लिहायचं

जिल्ह्याच्या ऑफिसात नवीन रुजू झालेल्या आणि बऱ्यापैकी इंग्रजी येणाऱ्या माणसाच्या गळ्यात हे काम हमखास पडतं. फील्ड टीमने वीस-बावीस स्लाइडची मराठी पीपीटी केलेली असते आणि साहेब म्हणतात, "याचं एक पानाचं इंग्रजी करून एचओला पाठव." नवा माणूस पहिल्या स्लाइडपासून भाषांतराला बसतो, संध्याकाळपर्यंत पाच पानं होतात, मग त्यातली चार कापतो. उरलेलं पान वाचून एचओकडून जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं नेमकी कापलेल्या पानांत असतात.

हे टाळायची पद्धत एका उदाहरणावरून सांगतो. कांद्याची खरेदी आणि साठवणूक करणारी एक कंपनी धरू. तिचे सभासद शेतकरी निफाड, येवला, चांदवड भागातले, विभागीय ऑफिस नाशिकला आणि हेड ऑफिस बंगळुरूला. पीपीटीचं नाव "उन्हाळ कांदा साठवणूक: हंगाम आढावा". पीपीटीतले आकडे उदाहरणासाठी बेतलेले आहेत. पण शब्द, हिशोबाच्या खोडी आणि कागदपत्रांची भानगड खरीच आहे.

आधी शेवटच्या स्लाइड बघा

मराठी ऑफिसातल्या पीपीटीत मुद्दा शेवटी येतो. सुरुवातीला स्वागत, मान्यवरांचे फोटो, मग गावांची यादी, मग हंगामाची कहाणी, आणि विसाव्या स्लाइडवर "अपेक्षा" किंवा "मागणी". समोर बसलेल्यांना सगळं आधीच ठाऊक असतं, त्यामुळे त्या खोलीत हा क्रम चालून जातो. बंगळुरूतला वाचक मात्र पहिल्या चार ओळींत ठरवतो की हे आत्ता वाचायचं की शुक्रवारी.

आपल्या पीपीटीत विसाव्या स्लाइडवर एकच ओळ आहे: "४० सभासदांना कांदा चाळीसाठी प्रत्येकी दीड लाख रुपये बिनव्याजी उचल मिळावी." म्हणजे ६० लाख रुपये. एवढ्यासाठीच ही पीपीटी केली आहे. एचओला कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे ते आता कागदावर मराठीतच एका वाक्यात लिहा: "हे ६० लाख द्यायचे का, आणि दिले तर परत कसे येतील?"

मग पहिल्या स्लाइडपासून पुन्हा चाळा आणि या प्रश्नाच्या उत्तराला लागणारी प्रत्येक गोष्ट स्लाइड क्रमांकासह वहीत टिपून ठेवा. बावीसपैकी नऊ-दहा स्लाइडच कामाच्या निघतात. स्लाइड क्रमांक विसरू नका, पुढे एचओतून कुणी "हा आकडा कुठला?" विचारलं की तोच उपयोगी पडतो.

जाता जाता एक तांत्रिक गोष्ट. पीपीटी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवल्यावर अगम्य चिन्हं दिसतात. फॉन्ट बदलणाऱ्या साधनांनी वाक्यं बऱ्यापैकी वाचता येतात, पण आकड्यांसाठी त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. आकडे मूळ स्लाइड डोळ्यांसमोर ठेवून हातानेच टाइप करावेत. स्कॅन केलेल्या पानावर १ आणि ९, तसंच ५ आणि ६ यांची गल्लत फार सहज होते.

स्थानिक शब्द: कोणता ठेवायचा, कोणता सोडायचा

टिपणं झाली की त्यातले स्थानिक शब्द वेगळे काढा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: या शब्दाच्या जागी साधा इंग्रजी शब्द टाकला, तर एचओचा निर्णय बदलेल का? बदलणार नसेल तर साधा शब्द टाका आणि पुढे व्हा. लागवड, काढणी, सभासद यांच्यासाठी इंग्रजीत सरळ शब्द आहेत. महसूल मंडळांची नावं, कोणत्या गावात मेळावा झाला, त्याला कोण हजर होतं, यातलं काहीच ब्रीफमध्ये लागत नाही. ज्या शब्दाने निर्णय बदलू शकतो तो मात्र मूळ रूपात ठेवायचा आणि पहिल्यांदा येईल तिथेच अर्ध्या ओळीत समजावायचा. शेवटी शब्दसूची जोडण्याची पद्धत मला पटत नाही. एचओमध्ये लोक ब्रीफमधला एखादा परिच्छेद उचलून पुढे पाठवतात आणि सूची मागेच राहते.

आपल्या उदाहरणात असे चार-पाचच शब्द आहेत.

पहिला "उन्हाळ". नाशिककडे कांदा वर्षात तीनदा निघतो. पावसाळ्यात लावलेला पोळ कांदा दिवाळीच्या आगेमागे निघायला लागतो. त्याच्या मागून जानेवारी ते मार्चच्या सुमारास रांगडा येतो. डिसेंबर-जानेवारीत लावून मार्चअखेर ते मेपर्यंत काढतात तो उन्हाळ. बाजारात पहिल्या दोघांना मिळून बहुतेक वेळा "लाल" म्हणतात. एचओसाठी महत्त्वाची गोष्ट एकच: लाल कांदा टिकत नाही, तो काढला की विकावाच लागतो. उन्हाळ नीट सुकवून ठेवला तर चार-सहा महिने टिकतो. साठवणुकीचा सगळा धंदा या एका पिकावर उभा आहे. म्हणून "समर ऑनियन" एवढंच लिहून भागत नाही, कारण त्यातून वाचकाला फक्त ऋतू कळतो. "रब्बीचा, मार्च ते मे दरम्यान काढला जाणारा, तिन्हींपैकी साठवता येणारा एकमेव कांदा" एवढं इंग्रजीत एकदा लिहा, पुढे नुसतं `unhal` चालेल. स्पेलिंग एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच ठेवा. एका पानात दोन स्पेलिंग दिसली की बाहेरच्या वाचकाला ते दोन वेगळे माल वाटतात.

दुसरा "चाळ". इथे गंमत अशी की एचओतल्या ज्यांना मुंबई ठाऊक आहे त्यांचाच जास्त गोंधळ होतो. त्यांच्या डोळ्यांसमोर `chawl` येते, म्हणजे गॅलरी आणि सार्वजनिक नळ, आणि शेतकऱ्यांच्या घरांसाठी पैसे मागताहेत असा समज होतो. म्हणून पहिल्या उल्लेखातच `kanda chal` लिहून पुढे खुलासा करा: जमिनीपासून उचललेली, बाजूंनी बांबू, लाकडी पट्ट्या किंवा जाळी असलेली, हवा खेळती राहील अशी कांदा साठवणुकीची शेड. लगेच क्षमताही सांगा. आपल्या उदाहरणात एका चाळीची क्षमता २५ टन. शीतगृहाचा यात संबंध नाही, तेही अर्ध्या वाक्यात लिहावं. वीजबिलाचा प्रश्न तिथेच मिटतो.

तिसरा "उतारा". आपल्या पीपीटीत तो दोन वेगळ्या अर्थांनी आला आहे. सहाव्या स्लाइडवर "एकरी उतारा ९५ क्विंटल", तिथे तो उत्पादकता. अठराव्या स्लाइडवर "९ जणांच्या उताऱ्यावर कांद्याची नोंद नाही", तिथे तो सातबारा. घाईत भाषांतर करणारा दुसऱ्या ठिकाणीही उत्पादनच लिहून जातो आणि नऊ शेतकऱ्यांच्या शेतात कांदा झालाच नाही असा अर्थ निघतो. प्रत्यक्षात कांदा झालेला आहे, कागदावर चढलेला नाही. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा: जमीन कुणाची आणि तिच्यात कोणतं पीक, हे दाखवणारा महसुली कागद. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः ई-पीक पाहणीच्या ॲपवर करायची असते आणि त्याला मुदत असते. मुदत चुकली की बाराच्या नमुन्यात पीक दिसत नाही. एचओला हे कशाला सांगायचं, ते पुढे येईलच.

चौथा शब्द चक्क इंग्रजी आहे: "लेव्ही". चौदाव्या स्लाइडवर "हमाली, तोलाई, वाराई व लेव्हीच्या वादामुळे लिलाव बंद" अशी ओळ आहे. एचओतला वाचक लेव्ही म्हणजे सरकारी कर समजतो, मग त्याला वाटतं सरकारने कांद्यावर नवा कर लावला. इथे लेव्ही म्हणजे माथाडी कामगारांच्या मजुरीवर ठरावीक टक्क्यांनी माथाडी मंडळाकडे भरायची रक्कम. १९६९ च्या माथाडी कायद्यातून ती आली आणि कामगारांच्या सुविधांसाठी असते. ती कुणाच्या खिशातून जावी यावरून व्यापारी, कामगार आणि शेतकरी यांच्यात वाद होतात. देवनागरीत लिहिलेला इंग्रजी शब्द दिसला की तो आपोआप समजेल असं धरू नका. आपल्या ब्रीफला यातलं एवढंच पुरे: मजुरीशी जोडलेल्या कपातीच्या वादामुळे काही दिवस लिलाव झाले नाहीत. हमाली, तोलाई, वाराई वेगवेगळी समजावत बसायची गरज नाही.

पाचवा "उचल". आगाऊ रक्कम, जी पुढे मालाच्या पैशांतून कापून घेतली जाते. इंग्रजीत ती मदत किंवा अनुदान वाटेल असा शब्द वापरलात तर फायनान्सवाले पहिल्याच वाचनात फाइल बाजूला ठेवतील.

आकड्यांकडे संशयाने बघा

शब्द चुकला तर एचओतला कुणीतरी विचारतो. आकडा चुकला तर कुणी विचारत नाही, तो सरळ त्यांच्या एक्सेलमध्ये जातो. म्हणून निम्मा वेळ इथे द्या.

क्षेत्रापासून सुरू करा. आपल्याकडे "एक एकर वीस गुंठे" असं बोलतात आणि यादीत ते १.२० असं लिहितात. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे हे क्षेत्र दीड एकर झालं. एक्सेलला हे कळत नाही, ते दशांश धरून बेरीज करतं. तीन शेतकरी घ्या: १.२०, १.३० आणि ०.३०. एक्सेल सांगेल २.८० एकर. खरी बेरीज दोन एकर ऐंशी गुंठे, म्हणजे ४ एकर. त्यातून १.२० मधलं शेवटचं शून्य एक्सेल खाऊन टाकतं आणि उरतं १.२, जे वाचणाऱ्याला एक एकर दोन गुंठे वाटतं.

ओळखायची खूण सोपी आहे. मूळ यादी मागवा आणि टिंबानंतरचे आकडे पाहा. शंभरेक ओळींत कुठेही ३९ च्या वरचा आकडा नसेल तर ते गुंठे आहेत. ५०, ७५, ८० असे आकडे दिसत असतील तर ते दशांश एकर आहेत किंवा सातबाऱ्यावरून घेतलेले हेक्टर-आर. हेक्टर शंभर आरांचा, त्यामुळे तिथे टिंबानंतरचा आकडा दशांश म्हणून चालतो. फक्त तो एकर नाही, हेक्टर आहे, आणि एका हेक्टरमध्ये जवळपास अडीच एकर बसतात.

आपल्या पीपीटीत लागवड ६१० एकर दिली आहे. मूळ यादीत एकर आणि गुंठे वेगळ्या रकान्यांत घालून बेरीज केली तर ६८० एकर येते. फरक फक्त क्षेत्राच्या ओळीपुरता राहत नाही. एकरी ९५ क्विंटल धरून ६१० एकरांचं उत्पादन ५,७९५ टन होतं आणि ६८० एकरांचं ६,४६० टन. चाळीत साठवलेला कांदा ३,१०० टन. पीपीटीत नवव्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात "निम्म्याहून अधिक माल चाळीत!" लिहिलं आहे. दुरुस्त हिशोबाने तो निम्म्याहून जरा कमी निघतो, ४८ टक्के. उद्गारचिन्हासकट ते वाक्य ब्रीफमधून कापलं गेलं. मागणीच्या दृष्टीने मात्र हे वाईट नाही: निम्म्याहून जास्त कांद्याला चाळ मिळत नाही, हा मुद्दा उलट पक्का होतो.

मग दर. पंधराव्या स्लाइडवर "सरासरी दर" म्हणून एप्रिलचे ११०० आणि सप्टेंबरचे १६०० रुपये क्विंटल दिले आहेत. बाजार समित्यांच्या रोजच्या भावपत्रकात कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. बोलताना या तिसऱ्याला सगळे सरासरी म्हणतात. पण सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावाने त्या दिवशी जास्तीत जास्त माल गेला तो, इंग्रजीत मोडल. ब्रीफमध्ये ॲव्हरेज लिहिलंत तर फायनान्सवाले तो दर एकूण टनांशी गुणून उत्पन्न काढतील, आणि ते प्रत्यक्ष पावत्यांशी जुळणार नाही. मोडल लिहा, बाजार समितीचं नाव लिहा आणि तो महिन्याचा आकडा कसा काढला तेही विचारून घ्या.

परिमाणं पहिल्या उल्लेखाला बदलून टाका: क्विंटलचे टन, आणि वाचक परदेशी असतील तर लाखाचे मिलियन. ६० लाख म्हणजे ६ मिलियन. बंगळुरूसाठी लाख-कोटी चालतात, पण तेच पान पुढे सिंगापूरला जाणार असेल तर स्वल्पविरामाची जागासुद्धा बदलते.

आणि हंगामाचं वर्ष. "हंगाम २०२४-२५" असं पीपीटीत दिसलं की एचओतला वाचक एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ हे आर्थिक वर्ष धरतो. उन्हाळ कांदा डिसेंबर २०२४ च्या सुमारास लावला, एप्रिल २०२५ मध्ये काढला आणि चाळीतून ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये विकला, तर त्याची विक्री पुढच्या आर्थिक वर्षात पडते. खर्च एका वर्षात, उत्पन्न दुसऱ्या वर्षात. ब्रीफमध्ये हंगामाचं जोडवर्ष लिहूच नका, महिने लिहा.

फुगलेला दावा आणि त्याची हवा

पीपीटीत सगळ्यात ठळक आकडा हा असतो: "साठवणुकीमुळे ४५ टक्के जादा दर." ११०० चे १६०० झाले, म्हणजे ४५ टक्के बरोबर आहेत. पण बाराव्या स्लाइडवर, छोट्या अक्षरात, "ऑगस्टअखेर घट २२ टक्के" असं आहे. या दोन स्लाइड एकमेकींशी बोलत नाहीत. त्यांची गाठ घालून देणं हे ब्रीफ लिहिणाऱ्याचं काम.

घट म्हणजे चाळीत कमी झालेला माल. त्यात तीन गोष्टी येतात: पाणी उडून कमी झालेलं वजन, सड आणि कोंब फुटून गेलेला माल. एप्रिलमध्ये चाळीत टाकलेल्या १०० किलोंचे ७८ किलो उरले. ते १६०० रुपये क्विंटलने विकले तर हातात १,२४८ रुपये आले. तेच १०० किलो एप्रिलमध्ये विकले असते तर ११०० मिळाले असते. म्हणजे फायदा १४८ रुपये, साधारण १३ टक्के. चाळ भरायची मजुरी, विकण्याआधी निवडायची मजुरी आणि पाच महिने अडकलेला पैसा अजून यातून वजा व्हायचा आहे.

हाच हिशोब उलटा मांडला की एचओला फार उपयोगी आकडा मिळतो. ११०० ला ०.७८ ने भागा, येतात १,४१०. सप्टेंबरचा भाव १,४१० च्या खाली राहिला असता तर साठवणाऱ्याला खर्च न धरताही तोटा झाला असता. ब्रीफमध्ये ४५ टक्क्यांच्या जागी हे दोन आकडे द्या: १३ टक्के आणि १,४१० रुपये.

एक बारीक खोट अजून आहे. घट ऑगस्टअखेरची आणि दर सप्टेंबरचा. पावसाळी दमट हवेत घट महिन्यागणिक वाढत जाते, तेव्हा सप्टेंबरची घट २२ च्या वरच असणार. म्हणजे १३ टक्क्यांचा आकडाही जरा उदार आहे. तो अंदाजाने दुरुस्त करू नका. फील्ड टीमकडून सप्टेंबरची घट मागवा, आणि वेळेत आली नाही तर दोन आकडे दोन वेगळ्या महिन्यांचे आहेत असं ब्रीफमध्ये स्पष्ट लिहा.

कारणांच्या स्लाइडही अशाच तपासाव्यात. कांद्याच्या पीपीटीत भाव पडल्याचं कारण म्हणून "निर्यातबंदी" हा शब्द सर्रास येतो, प्रत्यक्षात बंदी असो वा नसो. तारखा जवळ ठेवा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ८ डिसेंबर २०२३ पासून बंदी आली. मे २०२४ च्या सुरुवातीला ती उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. गावात या सगळ्यालाच बंदी म्हणतात आणि शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर त्यात फार चूक नाही. पण एचओतला निर्यात विभाग तारीख बघतो. स्लाइडवरचा महिना शुल्काच्या काळातला असेल तर ब्रीफमध्ये शुल्कच लिहा.

"मंजूर" म्हणजे नक्की काय

सरकारी योजनेशी संबंध आला की मराठी पीपीटीतली क्रियापदं मवाळ होतात. प्रस्तावित, सादर, प्राप्त, मंजूर, वितरित हे शब्द पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर पैसे वेगळ्या अंतरावर असतात.

कांदा चाळीच्या सरकारी अनुदानाबद्दल अठराव्या स्लाइडवर लिहिलं आहे, "४० पैकी २८ प्रस्ताव मंजूर." फोन करून विचारलं तर कळतं की ही महाडीबीटी पोर्टलवरची पूर्वसंमती आहे. तिचा अर्थ असा: शेतकऱ्याने आता स्वतःच्या पैशाने चाळ बांधावी, बिलं अपलोड करावीत, मग कृषी विभाग जागेवर येऊन मोका तपासणी करेल आणि त्यानंतर अनुदान खात्यात जमा होईल. एचओला नुसतं ॲप्रूव्ह्ड असं लिहून पाठवलंत तर त्यांचा पहिला प्रश्न येईल: सरकारने पैसे दिलेत, मग आपण कशाला द्यायचे?

पूर्वसंमतीचा अर्थ कळला की अख्ख्या पीपीटीचा सांधा जुळतो. उचल हवी आहे ती नेमकी याच मधल्या काळासाठी. बांधकामाचा खर्च आज, अनुदान नंतर. ही गोष्ट बावीस स्लाइडपैकी एकीवरही लिहिलेली नाही, कारण फील्डवर ती सगळ्यांना माहीत आहे. ब्रीफमधलं सर्वांत मोलाचं वाक्य बहुतेक वेळा असंच पीपीटीत नसलेलं असतं. ते स्वतःच्या कल्पनेने लिहू नका. ज्याने पीपीटी केली त्याच्या तोंडून वदवून घ्या.

उरलेल्या बारा जणांपैकी नऊ जण म्हणजे उताऱ्यावर कांद्याची नोंद नसलेले. अनुदानाच्या अर्जाला पिकाची नोंद असलेला सातबारा लागतो, ई-पीक पाहणीची मुदत हुकली, म्हणून अर्ज अडकला. तिघांचे कागद अजून तपासणीत आहेत. म्हणजे ६० लाखांची मागणी एकसंध नाही. २८ जणांचे ४२ लाख परत यायला दोन वाटा आहेत, पुढच्या हंगामाचा माल आणि अनुदान. १२ जणांच्या १८ लाखांना तूर्त एकच वाट आहे, माल. ही फोड केली की एचओ अर्धी मागणीसुद्धा मान्य करू शकतं. ६० लाख एकगठ्ठा मांडले तर नकार देणं सोपं जातं.

आता लिहायला बसा

इतकं झालं की प्रत्यक्ष लिहिणं तासाभराचं काम आहे. शब्दमर्यादा साडेतीनशे-चारशे धरा.

पहिल्या परिच्छेदात मागणी: कोण, किती, कशासाठी, कधीपर्यंत उत्तर हवं. "नाशिक विभाग ४० सभासदांसाठी ६० लाख रुपयांची बिनव्याजी आगाऊ रक्कम मागतो, ती पुढच्या हंगामाच्या मालाच्या देण्यातून वसूल होईल." चाळीचा खुलासा इथेच. दुसऱ्यात गरज: उन्हाळ कांदा म्हणजे काय, उत्पादन ६,४६० टन, आहे ती साठवण क्षमता १३८ चाळींची ३,४५० टन आणि ती नव्वद टक्के भरलेली, नव्या ४० चाळींनी १,००० टनांची भर. तिसऱ्यात पैसा: १३ टक्के, १,४१० रुपये आणि ही गणितं कोणत्या महिन्यांची. चौथ्यात जोखीम: २८ आणि १२ ची फोड, पूर्वसंमतीचा अर्थ, सातबाऱ्यावरची नोंद. लिलाव बंद राहिल्याची ओळही इथेच, एका वाक्यात. पाचवा परिच्छेद नको.

इंग्रजीत उतरवताना मराठी कर्मणी वाक्यांपासून सावध राहा. "कार्यवाही करण्यात येत आहे", "सूचना देण्यात आल्या आहेत" या वाक्यांत कर्ता गायब असतो. इंग्रजीत त्यांचं तसंच कर्मणी रूप सहज होतं, आणि एचओला कळत नाही की काम आपण करतोय, कृषी विभाग करतोय की कुणीच करत नाही. प्रत्येक वाक्याला कर्ता द्या. कर्ता सापडत नसेल तर ते वाक्य बहुधा सोडून देण्याच्याच लायकीचं असतं.

जिथे तुम्ही पीपीटीतला आकडा दुरुस्त केला आहे, तिथे ते उघड सांगा. "स्लाइड ३ वर ६१० एकर आहे, एकर-गुंठ्यांची बेरीज दुरुस्त केल्यावर ६८०" अशी ओळ तळटीपेत पुरते. ती नसेल तर एचओत कुणीतरी मूळ पीपीटी उघडतं, आकडे जुळत नाहीत आणि दोन्हीवरचा विश्वास उडतो. तुमचं स्वतःचं अनुमान पीपीटीतल्या विधानात मिसळू नका, "विभागीय ऑफिसची टीप" म्हणून वेगळं ठेवा.

पाठवण्याआधीचा फोन

ब्रीफ तयार झालं की ज्याने पीपीटी केली त्याला फोन करा. फील्डवरचा माणूस, समजा तुमच्यापेक्षा वयाने मोठा, अहो-जाहो करूनच बोलाल. "दादा, तुमची पीपीटी चुकली" अशी सुरुवात केली तर पुढचं संभाषण संपलंच. "एचओवाले हे विचारतील, काय सांगू?" असं विचारलं की माहिती आपणहून येते. इंग्रजी वाचून दाखवू नका. प्रत्येक परिच्छेदाचा अर्थ मराठीत सांगा आणि "असंच ना?" विचारा. तिसऱ्या परिच्छेदाला तो अडखळेल, कारण त्याच्या ४५ टक्क्यांचे १३ झालेले असतील. तिथे ७८ किलोंचा हिशोब त्याच्याकडूनच करून घ्या. त्याला पटला नाही तर त्याच्याकडे तुम्हाला न दिसलेलं काहीतरी असू शकतं: साठवलेला माल मोठ्या आकाराचा निवडून ठेवला होता, गोल्टी एप्रिलमध्येच विकून टाकली होती, म्हणून एप्रिलचा तुलनेचा दर वेगळा धरायला हवा, असं काहीतरी. तसं निघालं तर तिसरा परिच्छेद पुन्हा लिहा.

मग मूळ मराठी पीपीटी सोबत जोडून मेल पाठवा. विषयाच्या ओळीत हंगाम आढावा लिहू नका, रक्कम आणि उत्तराची तारीख लिहा.